मेंटर सरांची पहिली भेट: पंधरा मिनिटांत काय काय विचारू? (बीएस्सी, क्रेडिट, मेजर-मायनर)

कागलहून_रोज
नमस्कार. कोल्हापुरातल्या एका स्वायत्त कॉलेजात बीएस्सीचं पहिलं वर्ष संपलं. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असे तीन विषय होते. आता दुसऱ्या वर्षाला एक मेजर, एक मायनर घ्यायचा आणि तिसरा सुटणार. पुढच्या आठवड्यात मेंटर सरांची पहिली भेट आहे. नोटिशीवर 'क्रेडिट, विषयनिवड व पुढील नियोजन' एवढंच लिहिलंय आणि प्रत्येकाला पंधरा मिनिटं.

माझं असं आहे. पहिल्या सेमिस्टरचे २२ क्रेडिट पूर्ण मिळाले. दुसऱ्याला १८ मिळाले, कारण केमिस्ट्रीची आणि मॅथ्सची थिअरी राहिली, दोन्ही दोन-दोन क्रेडिटच्या. मला मॅथ्स मेजर आणि फिजिक्स मायनर घ्यायचंय. केमिस्ट्री सोडणारच आहे, तर तिचे राहिलेले २ क्रेडिट तसेच सोडले आणि त्याऐवजी एनपीटीईएलवर पायथनचा कोर्स केला तर चालेल का? मैत्रीण म्हणते तोच कोर्स ओपन इलेक्टिव्ह म्हणूनही लावता येतो. डिजिलॉकरमध्ये मात्र मला फक्त २२ क्रेडिट दिसतात, १८ दिसतच नाहीत. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे सरांना नेमकं काय विचारायचं तेच कळेना.

भवानी_मंडप
काय टेन्शन घेऊ नको. नव्या धोरणात सगळं लवचिक केलंय. एनपीटीईएलचे कोर्स असतात त्या स्वयं पोर्टलवरून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट आणता येतात, यूजीसीचाच नियम आहे. तुझे चारच राहिलेत. एक पायथनचा कोर्स केलास की ३ क्रेडिट तिथंच आले. केमिस्ट्रीचं पुस्तक रद्दीत घाल. आणि डिजिलॉकरमध्ये दिसतं ते एबीसी, म्हणजे क्रेडिटची बँक, तिच्यात क्रेडिट आपोआप जमा होतात, त्यात विचारण्यासारखं काही नाही.

अनुचे_बाबा
आमच्या मुलीलाही बारावीनंतर काउन्सेलर बघायचा आहे. हे मेंटर सर राजारामपुरीत बसतात का? एका भेटीची फी किती घेतात? एका ठिकाणी पॅकेज सांगितलं तर डोळे पांढरे झाले.

कागलहून_रोज
काका, ते आमच्या कॉलेजातलेच प्राध्यापक आहेत. फी वगैरे काही नाही. प्रवेशाचं मार्गदर्शन नाही हे, आत आल्यानंतरचं आहे.

वर्गातला_फळा
मी दुसऱ्या एका कॉलेजात शिकवतो आणि माझ्याकडेही मेंटरशिपची मुलं असतात. भवानी_मंडप यांच्या उत्तरात खरं आणि चुकीचं इतकं मिसळलंय, की ते वेगळं केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

४० टक्क्यांची मर्यादा खरी आहे, २०२१ च्या यूजीसी विनियमांत ती आहे. पण ती कॉलेजाला दिलेली मुभा आहे. एका सेमिस्टरच्या एकूण अभ्यासक्रमापैकी जास्तीत जास्त इतका भाग स्वयंवरून घेऊ द्यावा, असा तिचा अर्थ. कोणता कोर्स, कुठल्या पेपरच्या जागी आणि किती क्रेडिटचा, हे कॉलेज आधी ठरवून मान्य करतं. आपण मनानं एखादा कोर्स करून प्रमाणपत्र आणलं, तर ते बायोडेटात शोभतं. गुणपत्रिकेत शिरेलच असं नाही.

आता केमिस्ट्रीचं. दुसऱ्या वर्षी विषय सुटतो म्हणजे त्याचे पुढचे पेपर घ्यायचे नसतात. मागचा पेपर सुटत नाही. पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट तीन वर्षांच्या १३२ मध्ये धरलेले आहेत आणि त्यात केमिस्ट्रीची ती थिअरी आहेच. पदवी देताना बेरीज १३२ झाली का, एवढंच बघत नाहीत. मेजरचे, मायनरचे, ओपन इलेक्टिव्हचे, कौशल्याचे, भाषेचे असे प्रत्येक रकान्यातले क्रेडिट भरले का, हे बघतात. एका रकान्यात जास्त झाले म्हणून दुसऱ्यातला खड्डा भरत नाही.

तुझ्या पायथनच्या कोर्सला दोन अडचणी आहेत. एनपीटीईएलचा १२ आठवड्यांचा कोर्स साधारण ३ क्रेडिटचा धरतात, ८ आठवड्यांचा २ चा, ४ आठवड्यांचा १ चा. तुझी ओपन इलेक्टिव्हची जागा २ क्रेडिटची असेल, तर ३ चा कोर्स लावून वरचा एक वाया जातो. जागा ४ ची असेल तर एक कमी पडतो. दुसरी अडचण याहून मोठी. ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचं असावं लागतं. राज्य शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयात तसं म्हटलंय. मॅथ्स विज्ञान व तंत्रज्ञान शाखेत, पायथनही तिथलंच. म्हणून ते ओपन इलेक्टिव्ह म्हणून लागू नये. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, लेखांकन असलं काही घेतलंस तर लागेल. पायथन शिकायचंच असेल तर सरांना विचार, कौशल्याच्या रकान्यात ते बसतं का.

भवानी_मंडप
बरं, शाखेचं मला माहीत नव्हतं. पण सर, मग लवचिक लवचिक म्हणून एवढा गाजावाजा कशाला केला?

वर्गातला_फळा
लवचिकता आहे. ती रकान्याच्या आत आहे.

फॉर्मवाला_काका
परीक्षा विभागाच्या खिडकीमागं नोकरी गेली माझी, आता निवृत्त. मास्तरांनी अभ्यासाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो.

बाळ, बॅकलॉगचा फॉर्म आपोआप भरला जात नाही. तू दुसऱ्या वर्षाची फी भरलीस, तिसऱ्या सेमिस्टरचा परीक्षा अर्ज भरलास, म्हणजे दुसऱ्या सेमिस्टरचे राहिलेले पेपर त्यात आले असं पोरं धरून चालतात. त्याचा अर्ज वेगळा, त्याची फी वेगळी. परीक्षेच्या आदल्या दिवशी हॉल तिकिटावर पेपरच नाही म्हणून रडत येतात, तेव्हा खिडकीतल्या माणसाच्या हातात काही नसतं. दुसऱ्या सेमिस्टरचे राहिलेले पेपर हिवाळी परीक्षेत होतात, का थेट पुढच्या उन्हाळ्यात, हे तुमच्या स्वायत्त कॉलेजाच्या वेळापत्रकावर आहे. ते मेंटरला विचार, आणि खिडकीवरही विचार. दोघांचं उत्तर वेगळं आलं तर खिडकीचं धर. (मास्तर, रागावू नका.)

आणखी एक. इंटर्नलचे मार्क राहतात का पुन्हा द्यावे लागतात, तेही विचार. पास झालेलं इंटर्नल बहुतेक पुढं नेतात. पण गैरहजर लागलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

वर्गातला_फळा
रागावण्याचं कारणच नाही, मीही खिडकीवर पाठवतो. तारखा मेंटरच्या हातात नसतात.

शिरोळकर
एबीसीचं मी सांगतो, कारण माझं गाडं त्यातच अडकलं होतं. क्रेडिट आपण टाकत नाही, विद्यापीठ किंवा स्वायत्त कॉलेज टाकतं. आपल्याला फक्त बघता येतं. त्यामुळे १८ दिसत नाहीत याची दोन कारणं संभवतात. एक तर निकाल अजून वर चढवलेला नाही. तसं असेल तर बहुतेकांचं दिसत नसेल, वर्गातल्या दोघातिघांना विचार. फक्त तुझंच दिसत नसेल तर नाव तपास. माझ्या आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम होता. कॉलेजच्या नोंदीत आडनाव आधी, आणि वडिलांच्या नावात 'राव' जास्त. एवढ्यावरनं जुळेना. पहिल्या सेमिस्टरला कसं जुळलं होतं देव जाणे. शेवटी कॉलेजात अर्ज देऊन नोंद दुरुस्त करून घेतली.

कागलहून_रोज
माझ्या वर्गातल्या एकीचे ४४ दिसतात. म्हणजे माझंच काहीतरी आहे. आधारवर आईनं आडनाव इंग्रजीत वेगळ्या स्पेलिंगनं दिलंय, आता बघितलं.

शिरोळकर
मग तेच असणार. आधार बदलायचं की कॉलेजची नोंद, हे आधी ठरव. दहावीच्या सर्टिफिकेटवर जे आहे त्याच्याकडं दोन्ही न्यावं, असं मला तरी सांगितलं होतं. मेंटरच्या पंधरा मिनिटांत हे काढू नकोस, हे ऑफिसचं काम.

पावसाचंही बघ. पंचगंगा पात्राबाहेर आली की आमच्याकडचे रस्ते बंद, तुमच्याकडंही एसटीचं काही खरं नसतं. २०१९ आणि २०२१ ला आम्ही घरातच अडकलो होतो. तारीख वाढते, पण वाढेलच असं धरून शेवटच्या दिवसाला काम ठेवू नये. विषयनिवडीचा फॉर्म ऑनलाइन आहे का, का सही घेऊन जमा करायचा आहे? सहीचा असेल तर पाऊस बघून आधीच निघ.

चौथं_वर्ष_चालू
मी मॅथ्स मेजरच आहे, म्हणून लिहिते. तुझ्या यादीत एक प्रश्न नाहीच, तो सगळ्यात आधी विचार: मॅथ्सची थिअरी राहिलेली असताना मॅथ्स मेजर मिळतं का? काही कॉलेजांत मेजरच्या जागा ठरलेल्या असतात आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर देतात. तुझे मॅथ्सचे गुण त्यात धरणार असतील, तर राहिलेल्या पेपरमुळे तू यादीत खाली जाशील. तेव्हा पसंतीक्रम किती द्यायचे आणि दुसरी पसंती काय द्यायची, हे घरूनच ठरवून जा. तिथं बसून ठरवायला गेलीस तर पाच मिनिटं त्यातच जातील.

आणि मेजर-मायनर नंतर बदलता येतं का, कुठल्या तारखेपर्यंत, हे विचार. 'बदलता येतं' एवढं ऐकून उठू नकोस. तिसऱ्या सेमिस्टरचे वर्ग सुरू झाल्यावर बदललं, तर हुकलेल्या इंटर्नलचं काय, असाही प्रश्न असतो.

कागलहून_रोज
ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. मला पुढं एमएस्सी करायचीय. मॅथ्स मेजर मिळालं नाही आणि फिजिक्स मेजर, मॅथ्स मायनर घ्यावं लागलं, तर मॅथ्सच्या एमएस्सीला जाता येईल का?

भवानी_मंडप
हे मला नक्की माहीत आहे. यूजीसीच्या पदव्युत्तर आराखड्यात मेजर किंवा मायनर, दोन्हींपैकी कुठल्याही विषयात एमएस्सी करता येते असं आहे.

वर्गातला_फळा
यावेळी बरोबर. पण आराखडा म्हणजे प्रवेशाचा नियम नव्हे. प्रत्येक विद्यापीठ आपल्या प्रवेश माहितीपत्रकात पात्रता लिहितं आणि विभाग तेच बघतो. मायनरमध्ये मॅथ्सचे क्रेडिट मेजरपेक्षा बरेच कमी असतात. त्यात ॲनालिसिस आणि अल्जेब्रा पुरेसं झालं नसेल, तर प्रवेश मिळूनही पहिल्या सेमिस्टरला दम निघतो. तुला शिवाजी विद्यापीठातच करायचं असेल तर त्यांचं ताजं माहितीपत्रक काढून पात्रतेचं पान बरोबर ने.

चौथं_वर्ष_चालू
मला हे इतकं सोपं वाटत नाही सर. माझी एक मैत्रीण मायनरवर दुसऱ्या जिल्ह्यात एमएस्सीला गेली, तिला काही त्रास झाला नाही.

वर्गातला_फळा
गेली असेल. एका मुलीवरून नियम सांगता येत नाही, तसा नाहीही म्हणता येत नाही. म्हणूनच पान ने म्हणतो.

कागलहून_रोज, आता भेटीचं. एका कागदावर चार रकाने आख: पेपरचं नाव, तो कुठल्या गटात मोडतो, किती क्रेडिटचा, मिळाले की राहिले. दोन्ही सेमिस्टरचे सगळे पेपर त्यात उतरव. गट गुणपत्रिकेवर किंवा कॉलेजच्या अभ्यासक्रम पुस्तिकेत असतो. खाली तुझी बेरीज ४० यायला हवी. उरलेले ९२ असे: पुढच्या चार सेमिस्टरचे ८८ आणि मागचे ४. हे मांडलेलं दिसलं की सरांना तुझी गुणपत्रिका वाचत बसावं लागणार नाही. माझ्याकडे मुलं येतात आणि विचारतात, "सर, कुठला मायनर चांगला?" त्याला मी काय उत्तर देणार? तू विचार, "मॅथ्स मेजर न मिळाल्यास फिजिक्स मेजर आणि मॅथ्स मायनर घेतला, तर मायनरमध्ये कुठले पेपर येतात?" याला उत्तर देता येतं.

एनपीटीईएलचं मन असेल तर तारखा तीन आहेत, त्या एक समजू नकोस. कोर्सला नाव नोंदवणं फुकट असतं आणि जुलैचं सत्र सुरू झालं की ते लवकर बंद होतं. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिला १००० रुपये फी. आणि तिसरी तारीख तुमच्या कॉलेजाची, हा कोर्स अमुक पेपरच्या जागी घेतोय असं लेखी कळवण्याची. ही बहुधा सगळ्यांत आधी येते आणि पोरांना सगळ्यांत शेवटी कळते. पासिंगही बघून ठेव: असाइनमेंटचे २५ पैकी किमान १० आणि परीक्षेचे ७५ पैकी किमान ३०, दोन्ही वेगवेगळे हवेत. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते.

कागलहून_रोज
सर, निकाल उशिरा आला तर?

वर्गातला_फळा
तिथं खरी अडचण होते. परीक्षा झाल्यावर निकालाला काही आठवडे जातात. तोवर तुझ्या सेमिस्टरचा निकाल तयार झालेला असतो आणि त्या जागी 'राहिला' असं दिसतं. पुढे सुधारित गुणपत्रिका मिळते. पण मधल्या काळात शिष्यवृत्तीचा अर्ज असेल तर पंचाईत. तुझ्यावर आधीच दोन बॅकलॉग आहेत, म्हणून मी तुझा मेंटर असतो तर या सेमिस्टरला एनपीटीईएल नको म्हटलं असतं. आधी ते ४ क्रेडिट काढ. पण हे माझं मत, तुझ्या सरांचं वेगळं असू शकतं.

भवानी_मंडप
पोरीला शिकायचंय तर अडवता कशाला? पायथन येत असेल तर नोकरीला उपयोगी.

वर्गातला_फळा
शिकायला कोण अडवतंय? फुकट नाव नोंदवून व्हिडिओ बघ, परीक्षा देऊ नकोस. क्रेडिटला लावायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे.

फॉर्मवाला_काका
हे बरोबर. हजार रुपये वाचले की मिसळ खाऊन ये.

चौथं_वर्ष_चालू
शेवटी वेळ उरला तर चौथ्या वर्षाचं विचार, पण आज ते ठरवायची गरज नाही. तीन वर्षांवर पदवी घेऊन दोन वर्षांची एमएस्सी, किंवा चार वर्षांची ऑनर्स आणि मग एक वर्षाची एमएस्सी, गणित पाचचंच. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात, म्हणजे या बॅकलॉगचे गुणही त्यात येतात. तुमच्या कॉलेजात मॅथ्सचं चौथं वर्ष चालतं का, एवढं मात्र आत्ताच विचार. चालत नसेल तर तिसऱ्या वर्षानंतर कॉलेज बदलायचं आहे, हे आत्तापासून माहीत हवं. आणि क्रेडिट एबीसीत असले तरी नव्या कॉलेजानं ते कुठल्या रकान्यात घ्यायचे हे तेच ठरवतं, आपोआप काही होत नाही.

कागलहून_रोज
कागद तयार केला. बेरीज ४० आली, पण 'भारतीय ज्ञान प्रणाली'चा पेपर कुठल्या रकान्यात टाकू कळेना, तो वेगळाच लिहिलाय. प्रश्न या क्रमानं ठेवलेत: बॅकलॉग असताना मॅथ्स मेजर मिळेल का आणि पसंतीक्रम किती, बॅकलॉगची परीक्षा कधी आणि इंटर्नलचं काय, मेजर-मायनर बदलायची शेवटची तारीख आणि सही कुणाची, मॅथ्स मायनरमध्ये कुठले पेपर, आणि चौथं वर्ष आहे का. एनपीटीईएल काढून टाकलं. आडनावाचं काम ऑफिसात आधीच करून येते.

वर्गातला_फळा
भारतीय ज्ञान प्रणालीचा रकाना वेगळाच आहे, तू बरोबर लिहिलंस. सही कुणाची हा प्रश्न चांगला काढलास. बहुधा मेंटर शिफारस करतात आणि विभागप्रमुखांची सही लागते. ते त्या दिवशी रजेवर असले की फॉर्म अडतो.

शिरोळकर
सर जे सांगतील ते त्यांच्यासमोरच वहीत लिही आणि संध्याकाळी कॉलेजच्या मेलवर दोन ओळीत पाठव, 'आज असं ठरलं' म्हणून. मेंटर बदलले की मागचं तोंडी काही उरत नाही. आमच्याकडं वर्षात दोनदा बदलले.

कागलहून_रोज
हो, मेल करते. अजून एक राहिलंय. आई म्हणते बीएडचाही विचार ठेव. मायनर विषय बीएडला अध्यापन पद्धतीचा विषय म्हणून धरतात का, कुणाला अनुभव आहे?

फॉर्मवाला_काका
माझ्या काळात मेजर-मायनर नव्हतंच, तेव्हा मी गप्प.

अनुचे_बाबा
बीएडचं आमच्या मेहुणीला विचारून सांगतो, ती गारगोटीकडं शाळेवर आहे. आणि बारावीनंतर प्रवेश घेतानाच हे मेजरच्या जागांचं विचारायला हवं, असं दिसतंय. अनुसाठी कॉलेज बघताना आता तेच विचारणार.